‘बुडेल’ काढा, आकडे ठेवा

> "दुसरा टेस्ट सर्व्हर हवाय, महिना १८,००० रु. चार टेस्टरांचे मिळून महिन्याला ४० तास वाट पाहण्यात जातात. ‘नाही मिळाला तर प्रोजेक्ट बुडेल’ असं मागणीच्या प्रस्तावात लिहू का?"

नको. खर्च, फायदा आणि नकाराचा धोका, या तिन्ही बाजू वर्षभराच्या हिशेबात मांडा. खर्च २,१६,०००, उभारणीचे तास वेगळे दाखवा, ते हमखास राहून जातात. तास ६०० रुपयांनी धरला तर फायदा २,८८,०००. पण पगार तसेही जाणारच, म्हणून ‘रोख बचत नाही, मोकळा वेळ’ असं स्पष्ट लिहा.

नकाराच्या धोक्यात हेच तास पुन्हा धरू नका. फायनान्सवाले दुबार मोजणी लगेच पकडतात. तिथे फक्त सर्व्हरअभावी लांबलेले रिलीज आणि करारातला दंड. शिवाय आहे त्याच सर्व्हरवर रात्री टेस्टिंग करून किती भागेल, तेही लिहा, गैरसोयीचं असलं तरी.