मदत हवी आहे: उत्तरं ४ आहेत, पण क्वांटम काउंटिंग १२ सांगतंय

मागाचा_नातू:
नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला ग्रोव्हर सर्च घेतलंय. उदाहरण घरातलंच घेतलं, कारण मामांचे चादरीचे माग आहेत. चादरीच्या काठाला चार पट्टे, प्रत्येक पट्टा लाल किंवा निळा, म्हणजे एकूण १६ मांडण्या. मामांची अट अशी की शेवटचा पट्टा निळाच हवा आणि लाल पट्टे विषम हवेत. कागदावर मोजलं तर अशा ४ मांडण्या निघतात. चार क्यूबिट, लाल म्हणजे १, निळा म्हणजे ०.

तीन ठिकाणी अडलोय.

पहिलं, १६ मधून शोधायला ३ फेऱ्या लागतात असं वाचलं होतं. ३ फेऱ्या दिल्या तर बरोबर मांडणी फक्त २५ टक्के वेळा येते. डोळे मिटून एक उचलली तरी तेवढीच येईल.

दुसरं, म्हटलं आधी उत्तरं किती आहेत तेच मोजू. मोजणीला ५ क्यूबिट लावले, सिम्युलेटरवर १०२४ शॉट्स घेतले. २१ हा आकडा ३५२ वेळा, ११ हा ३४७ वेळा, २२ हा ९१ आणि १० हा ८६ वेळा, बाकी किरकोळ. सूत्रात घातल्यावर १२ च्या आसपास उत्तर येतं. यायला हवं ४.

तिसरं, शेवटचा पट्टा निळा हे मला आधीच माहीत आहे, म्हणून त्या क्यूबिटवरचा H काढून टाकला. आता ८ मध्ये ४ बरोबर, म्हणजे सुरुवातच ५० टक्क्यांनी. पण कितीही फेऱ्या द्या, ५० च्या वर जात नाही आणि खालीही येत नाही.

डिफ्यूजर असा लिहिलाय:

```python
def diffuser(qc, q):
    qc.h(q); qc.x(q)
    qc.h(q[3]); qc.mcx(q[:3], q[3]); qc.h(q[3])
    qc.x(q); qc.h(q)
```

परवा गाईडना दाखवायचंय. कोणी सांगेल का?

बिट_बंधू:
दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. किस्किटमध्ये बिट उलट्या क्रमाने छापले जातात, सगळ्यात उजवीकडचा तो शून्यावा क्यूबिट. तू आकडा उलटा वाचतोयस. क्रम फिरव, ४ येईल. आणि पहिल्याचं म्हणशील तर फेऱ्या वाढव, ३ कमी पडत असतील.

रेखाताई_पुणे:
बंधू, क्रमाचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, त्यात पुष्कळ लोक अडकतात. पण इथे तो दोष नाही, आणि ते आकड्यांवरूनच कळतं. काउंटिंगमध्ये दोन शिखरं येतात आणि क्रम बरोबर असेल तर त्यांची बेरीज ३२ भरते. ११ आणि २१ मिळून ३२, १० आणि २२ मिळून ३२. क्रम उलटा केला तर ११ चे होतात २६, आणि २१ तसाच राहतो, कारण तो दोन्हीकडून सारखाच वाचला जातो. २६ आणि २१ ची जोडी जमत नाही.

नातू, आधी पहिलं घेऊ, बाकी दोन्ही त्यातूनच सुटतात. कागदावर एक बाण काढ. बाण सरळ वर गेला म्हणजे नक्की बरोबर मांडणी, आडवा म्हणजे नक्की चुकीची. तुझ्याकडे १६ त ४, म्हणजे शक्यता पाव, म्हणून बाण आडव्या रेषेपासून ३० अंशांवर, कारण sin²30° = 1/4. ग्रोव्हरची एक फेरी बाणाला या कोनाच्या दुप्पट, म्हणजे ६० अंश फिरवते. एका फेरीनंतर बाण ९० वर, थेट वर, शंभर टक्के. तू थांबला नाहीस. दोन फेऱ्यांनी १५०, तीन फेऱ्यांनी २१०, आणि दोन्हीकडे शक्यता परत पाव. ३ फेऱ्या हा हिशोब १६ मध्ये एकच उत्तर असतानाचा. फेऱ्या वाढवून हे सुटत नाही. चौथीला योगायोगाने पुन्हा शंभर येईल आणि तुला वाटेल की जमलं.

म्हणूनच आधी मोजायचा तुझा विचार अगदी बरोबर आहे. ग्रोव्हरचा शोध १९९६ चा, आणि दोनच वर्षांत ब्रासार, होयर आणि टॅप यांनी काउंटिंग मांडलं ते याच अडचणीवर.

मागाचा_नातू:
ताई, बाणाचं लख्ख कळलं. एक फेरी देऊन पाहिली, १०२४ पैकी १०२४ बरोबर. मग १२ कुठून येतं?

रेखाताई_पुणे:
तुझ्या डिफ्यूजरमधून. काउंटिंग एकच प्रश्न विचारतं, एका फेरीत बाण किती फिरतो? तुझं उत्तर ६० अंश, म्हणजे पूर्ण वर्तुळाचा सहावा भाग. ५ क्यूबिट म्हणजे ३२ खुणांची तबकडी. ३२ चा सहावा भाग ५.३३, म्हणून काटा बहुतेक वेळा ५ वर थांबायला हवा. उलट्या दिशेचं फिरणंही त्यात असतंच, त्याचा काटा २७ वर.

आता तुझ्या तबकडीवर २१ आणि ११ आहेत. ५ मध्ये १६ मिळव, २१. २७ मधून १६ वजा कर, ११. सगळं बरोबर अर्ध्या वर्तुळाने सरकलंय, आणि अर्धं वर्तुळ म्हणजे उणे चिन्ह.

X आणि H च्या मधल्या त्या mcx ने फक्त ०००० चं चिन्ह उलटतं. खऱ्या ग्रोव्हर फेरीत ०००० सोडून बाकी सगळ्यांचं उलटायला हवं. दोन्हींत फरक फक्त एका उणे चिन्हाचा. नुसत्या शोधात ते चिन्ह सगळ्या अवस्थेला मिळून लागतं, ते कधीच दिसत नाही, म्हणून तुझी एक फेरी शंभर टक्के चालली. पण काउंटिंगमध्ये तू हीच फेरी कंट्रोल्ड करतोस. कंट्रोल १ असेल तेव्हा उणे लागतं, ० असेल तेव्हा नाही, आणि आता ते दिसायला लागतं. परिणामी साइनच्या जागी कोसाइन बसतो आणि तू बरोबर मांडण्यांऐवजी चुकीच्या मांडण्या मोजतोस. १६ वजा ४, बारा.

दुरुस्ती एका ओळीची आहे:

```python
qc.z(count[0])   # उलट QFT च्या आधी
```

फक्त `count[0]` वर, कारण तिथे फेरी एकदा चालते. पुढच्या क्यूबिटवर ती २, ४, ८, १६ वेळा चालते, तिथे उणे गुणिले उणे जाऊन चिन्ह आपोआप मिटतं.

बिट_बंधू:
हे मला माहीत नव्हतं. बेरीज ३२ ची खूण लक्षात ठेवतो, बिटक्रम तपासायला कामाची आहे.

चाटी_गल्ली:
मी चादरीच्या व्यवसायात आहे, कॉम्प्युटरचं मला फारसं कळत नाही. पण वाचून विचारावंसं वाटलं. आमच्याकडे एका लॉटमध्ये हजार चादरी येतात. धागा तुटलेल्या किती हे बघायला दोन माणसं दिवसभर उलगडत बसतात. ही मोजणी तिथे लागू पडेल का? थोड्याच चादरी तपासून आकडा कळेल का?

रेखाताई_पुणे:
काका, चादरींना ती लागत नाही. इथे ओरॅकल म्हणजे 'ही मांडणी अटीत बसते का' हे ठरवणारं सर्किट, आणि ते सगळ्या मांडण्यांवर एकाच सुपरपोझिशनमध्ये चालवावं लागतं. नातवाची अट गणिताची आहे, ती गेटमध्ये लिहिता येते. तुटलेला धागा चादर उलगडूनच दिसतो, तो कुठल्याही सर्किटला आधी ठाऊक नसतो. तुमच्यासाठी नमुना काढून तपासणं हाच मार्ग. त्यात चूक निम्मी करायची तर चौपट चादरी तपासाव्या लागतात. काउंटिंगमध्ये चूक निम्मी करायला ओरॅकल साधारण दुप्पटच वेळा लागतो, एवढाच त्याचा फायदा.

चाटी_गल्ली:
समजलं. म्हणजे तपासणीची माणसं लागणारच.

मागाचा_नातू:
ताई, Z लावला आणि शिखरं ५ आणि २७ वर आली! ५ वरून कोन: ५/३२ गुणिले ३६० म्हणजे ५६.२५, त्याचं निम्मं २८.१२५. त्याच्या साइनचा वर्ग ०.२२२, गुणिले १६ म्हणजे ३.५६. जवळचा पूर्णांक ४. पण ६ आणि २६ सुद्धा दोन्ही मिळून १७ टक्के वेळा येतात आणि त्यावरून ४.९४, म्हणजे ५ येतं. मग सगळ्या शॉट्सची सरासरी काढू का?

बिट_बंधू:
हो, सरासरी काढ, चुका एकमेकींत जिरून जातील.

रेखाताई_पुणे:
थेट वाचनांची सरासरी अजिबात नको. ५ आणि २७ सारख्याच वेळा येतात, त्यांची सरासरी १६, म्हणजे अर्धं वर्तुळ. सूत्रात घातलं की १६ पैकी १६ मांडण्या बरोबर असं उत्तर येईल. आधी प्रत्येक वाचनावरून बरोबर मांडण्यांचा आकडा काढ, मग सगळ्यात जास्त वेळा आलेला घे. माझ्या मते मध्यक घेतला तरी चालेल, पण सगळे याच्याशी सहमत होतील असं नाही.

आणि एक गोष्ट गाईडना स्वतःहून सांग. ५ क्यूबिटच्या मोजणीत फेरी ३१ वेळा चालली, म्हणजे ओरॅकल ३१ वेळा लागला. एकेक करून सगळ्या मांडण्या तपासल्या असत्या तर १६ वेळा पुरला असता. या आकाराला फायदा नाही, उदाहरण फक्त यंत्रणा दाखवतं.

घातांक:
तिसरा प्रश्न राहिलाच, तो मी घेतो. H काढलास म्हणजे तू अँप्लिट्यूड अँप्लिफिकेशनमध्ये आलास. सगळ्यांना सारखं वाटणाऱ्या H ऐवजी कुठलंही सुरुवातीचं सर्किट A चालतं, अट एवढीच की डिफ्यूजरमध्येही H च्या जागी तेच A आणि त्याचं उलट बसवायचं. चौथ्या क्यूबिटवरचा H डिफ्यूजरमधूनही काढलास ना?

मागाचा_नातू:
हो, दोन्हीकडून काढला.

घातांक:
मग सर्किट बरोबर आहे, अडचण कोनाची आहे. शक्यता निम्मी म्हणजे बाण ४५ वर, फेरीत ९० अंश फिरतो. ४५, १३५, २२५, ३१५. दरवेळी निम्मीच. कितीही फेऱ्या दिल्या तरी तो वर पोचत नाही.

इलाज असा की सुरुवात मुद्दाम कमी करायची. एक जास्तीचा क्यूबिट घे, त्यावर H दे, आणि तो ठरावीक बाजूला असेल तरच मांडणी बरोबर मान. शक्यता निम्म्यावरून पाव, कोन ३०, आणि एका फेरीत शंभर टक्के. आता बघ, तू काढून टाकलेला चौथा H नेमकं हेच काम करत होता. शेवटचा पट्टा निळा असेल तरच बरोबर.

दुसऱ्या कुठल्या शक्यतेला H ऐवजी मोजून कोन दिलेला RY लागेल, पण त्यासाठी सुरुवातीची शक्यता आधी माहीत हवी.

मागाचा_नातू:
दादा, H परत लावला आणि एका फेरीत सगळे बरोबर आले. म्हणजे माहिती वापरून मी शोध बिघडवला होता! आता हेच खऱ्या मशीनवर चालवून बघू का?

घातांक:
काउंटिंग नको. ३१ कंट्रोल्ड फेऱ्या, त्यात प्रत्येकीत कंट्रोल धरून पाच क्यूबिटचं गेट. आजच्या मशीनवर शिखरं गोंगाटात बुडतील. उलट QFT न वापरता, ०, १, २, ४ फेऱ्या देऊन यश किती वेळा येतं ते मोज आणि त्या आकड्यांना एकच कोन बसव. सर्किट उथळ राहतं.

रेखाताई_पुणे:
उथळ राहतं हे मान्य, पण नातवाच्याच उदाहरणात गोंगाटामुळे यश ७० टक्क्यांवर आलं तर तो कोन बदलला म्हणायचा की मशीन चुकलं म्हणायचं? ४ फेऱ्यांत तर नक्की घोळ होईल.

घातांक:
गोंगाटालाही एक वेगळा आकडा देऊन बसवता येतं, मी तसं केलंय. पण चार बिंदूंतून दोन अज्ञात काढताना आकडे किती डळमळतात ते त्याने स्वतः चालवून बघावं.

मागाचा_नातू:
आज रात्री ०, १, २ आणि ४ फेऱ्यांचे आकडे आधी सिम्युलेटरवर कृत्रिम गोंगाट घालून काढतो आणि इथेच टाकतो.