युरोपहून आणलेली नाणी आणि सुट्या नोटा ठाण्यात कोणी घेतं का?

नौपाडाकर_मीनल
आईबाबा स्वित्झर्लंड-इटली करून मागच्या आठवड्यात परत आले. पाकिटात १० फ्रँकची एक नोट, ५ युरोच्या तीन नोटा आणि एक पिशवी नाणी उरली आहेत. सुट्टे सेंट मी मोजतच नाहीये, पण त्यात ५ फ्रँकची ७ नाणी आणि २ युरोची ११ नाणी आहेत. ५ फ्रँकचं नाणं आपल्या दहाच्या नाण्यापेक्षा मोठं आणि चांगलंच जड आहे. आजच्या भावाने एकाचेच पाचशेच्या आसपास होतात. स्टेशनजवळच्या दोन मनी चेंजरकडे जाऊन आले. दोघांनीही पिशवी उघडूसुद्धा दिली नाही. एकाने ५ युरोच्या नोटाही नको म्हटलं. बाबांना फार लागलंय, पेन्शनीतले पैसे आहेत. काय करता येईल?

घोडबंदरचा_राजा
नाणी विकत घ्यायला रिझर्व्ह बँकेची बंदी आहे, त्यामुळे कोणीच घेणार नाही. नोटा मात्र घ्यायलाच हव्यात.

विजय_खारघर
माझ्या आजोबांकडे जुनी २५ पैशांची नाणी आहेत, त्यावर गेंडा आहे. त्यांना लाखो मिळतात असं ऐकलं. ठाण्यात कोणी घेणारं माहीत आहे का?

वाशीवाले_काका
विजय, बाळा, तो वेगळा विषय आहे. आणि लाखांच्या नादी लागून कोणाला आगाऊ पैसे पाठवू नकोस.

मीनलताई, मी बरीच वर्षं मनी चेंजरच्या काउंटरला काढली. नाणी सहसा कोणी घेत नाही एवढंच राजाचं बरोबर आहे, कारण वेगळं आहे. बंदी नाही. परवानाधारक चेंजरला नोटा आणि नाणी दोन्ही विकत घ्यायची मुभा आहे, सक्ती मात्र कशाचीच नाही. चेंजर तुमच्याकडून घेतलेलं चलन दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकतो, किंवा साठलं की मोठ्या व्यापाऱ्याला अथवा बँकेला देतो. पुढे ते विमानाने परदेशी जातं. तिथे नाणी घेणारं कोणी नाही. वजनाचं भाडं आणि देशवार निवडायची मजुरी नाण्याच्या किमतीलाच खाते. मग तुमचं पाचशेचं नाणं त्याच्या गल्ल्यात वर्षानुवर्षं पडून राहतं.

५ युरोच्या नोटेचंही तसंच. प्रवासाला निघालेला माणूस ५० आणि १०० मागतो. मोजायला, तपासायला कष्ट तेवढेच, म्हणून छोट्या नोटेला भाव कमी देतात किंवा नाही म्हणतात.

आता हिशेब बघा. चलन बदलताना जीएसटी लागतो. रक्कम लहान असली तरी सेवेचं मूल्य किमान २५० रुपये धरतात आणि त्यावर १८ टक्के, म्हणजे ४५ रुपये. समजा युरोला ९५ भाव मिळाला. तिन्ही नोटांचे १४२५, त्यातून ४५ गेले, हातात १३८०. पण एकेक नोट तीन वेळा विकलीत तर १३५ जातील. म्हणून चारही नोटा एकाच पावतीवर द्या. आधी फोन करून ‘५ युरोची नोट घेता का, भाव काय’ एवढं विचारा. ओळखपत्र आणि पासपोर्ट न्या.

नौपाडाकर_मीनल
काका, खूप आभार. आणि नाणी?

वाशीवाले_काका
ती ठेवा. परदेशी नाणी जवळ बाळगायला मर्यादा नाही. नोटा मात्र दोन हजार डॉलरच्या किमतीपर्यंतच. युरोचं नाणं कोणत्याही युरो देशात चालतं, इटलीत उरलेलं फ्रान्समध्ये देता येतं. दुकानदाराला एका वेळी ५० नाण्यांपर्यंत घ्यावी लागतात, स्वित्झर्लंडमध्ये १०० पर्यंत. खरा उपाय निघण्याच्या आदल्या रात्रीचा. हॉटेलात शहराचा कर बऱ्याचदा रोख घेतात, त्यात आधी नाणी द्यायची आणि हॉटेलचं उरलेलं बिल कार्डावर.

ऐरोली_श्रद्धा
माझ्याकडे २० पौंडाची जुनी कागदी नोट होती, इथे कुणी घेईना. ती सप्टेंबर २०२२ अखेर चलनातून गेली. बँक ऑफ इंग्लंड मात्र अजून बदलून देते. लंडनला राहणाऱ्या मावसबहिणीकडे जाताना स्वतः घेऊन गेले. टपालाने परदेशी चलन पाठवू नका, त्याला परवानगी लागते.

घोडबंदरचा_राजा
बंदीचं मी चुकीचं बोललो, काका. सोसायटीच्या ग्रुपवर विकलं तर? कोणी ना कोणी युरोपला जातच असतं.

वाशीवाले_काका
परवाना नसलेल्या माणसांनी आपापसात परकीय चलन विकणं फेमा या परकीय चलन कायद्यात बसत नाही, रक्कम लहान असली तरी. मी तरी सांगणार नाही.

नौपाडाकर_मीनल
आज वाशीत एकाने चारही नोटा एका पावतीवर घेतल्या, युरोला ९१ भाव दिला. बाबा म्हणाले, चालेल. नाणी डब्यात ठेवली. मावशी दिवाळीनंतर रोमला जातेय. तिला २ युरोची ११ नाणी पैसे न घेता नुसती दिली तर चालेल का, काका?

वाशीवाले_काका
याचं छातीठोक उत्तर माझ्याकडे नाही. एखाद्या सीएला विचारा. तोवर ५ फ्रँकची नाणी वेगळी काढून ठेवा, मावशीला रोममध्ये ती चालणार नाहीत.