मदत हवी आहे: विहिरीवरच्या लेखातला शक कसा ठरवायचा? मधला अंक झिजलाय

निपाणीकर_पोरगा:

नमस्कार मंडळी. निपाणीजवळच्या आमच्या गावात पायऱ्यांची जुनी विहीर आहे. उतरताना डाव्या हाताला भिंतीत काळ्या दगडाची पाटी बसवलीय, देवनागरीत पाच ओळी. पाण्याच्या बाजूचा भाग शेवाळानं खाल्लाय आणि वरच्या ओळीवरून कधीतरी चुन्याचा हात फिरलाय. शेवटच्या दोन ओळी तर हाताला सुद्धा लागत नाहीत. बाकी आम्हाला लागलेलं वाचन असं, गेलेल्या अक्षराच्या जागी रेघ मारलीय:

॥ श्री ॥ शके १६–७ ––र्थिव नाम
संवछरे वैशाख शुध ३ –म वासरे
––जी बिन ––जी पाटील मौजे –––

शकातल्या मधल्या अंकाची फक्त खालची शेपटी उरलीय. वाराच्या पहिल्या अक्षराचा काना दिसतो, वर मात्रा आहे, अक्षर गेलंय. पंचायत कठड्याची दुरुस्ती करून शेजारी माहितीफलक लावणार आहे. त्यावर चुकीचं साल गेलं तर पुढची पन्नास वर्षं तेच सगळे सांगत बसतील, म्हणून विचारतोय.

चिकोडीचे_काका:

पोरा, सोपं आहे. ––र्थिव म्हणजे पार्थिव संवत्सर, दुसरं कुठलंच नाव तसं संपत नाही. शके १६२७ ला पार्थिव होतं. त्यात ७८ मिळव, १७०५ साल. आणि पाटीवर खडू घासून फोटो काढ, अक्षरं लख्ख उठतात. आमच्या मारुतीच्या देवळात तसंच केलं होतं.

जुनी_अक्षरं:

काकांचं पार्थिव बरोबर आहे, पण साल तेवढ्यावर ठरत नाही. संवत्सरं साठ आहेत आणि साठ वर्षांनी तीच नावं परत येतात. आपल्याकडच्या पद्धतीत शकात १२ मिळवायचे, ६० नं भागायचं, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. प्रभव पहिला, बाकी शून्य आली तर साठावा क्षय. खात्री करायची तर शिवराज्याभिषेक घ्या: शके १५९६, अधिक १२ म्हणजे १६०८, बाकी ४८, आनंद. बरोबर जुळतं.

पार्थिव एकोणिसावा. १६२७ + १२ = १६३९, बाकी १९. पण १६८७ + १२ = १६९९, बाकी तीही १९. म्हणजे सोळाशेंत दोन पार्थिव बसतात, १७०५ आणि १७६५. चांगली गोष्ट एवढी की पार्थिव नेहमी ७ नं संपणाऱ्या शकातच येतं, त्यामुळे तुमचा ७ आणि –र्थिव एकमेकांना साक्ष देतात. ते वाचन पक्कं धरा.

मधल्या अंकावर सध्या भर देऊ नका, शेपटी २ ला असते तशी ८ लाही. निकाल वारावर लागेल. ओ आणि औ च्या मात्रेचे वार म्हणजे सोम, भौम किंवा सौम्य, अर्थात सोमवार, मंगळवार, बुधवार. पण सौम्य असेल तर म ला य जोडलेला हवा. मात्रा एक आहे की दोन, ते बघून सांगा.

खडू मात्र नको. खडू फिरवताना हात आपल्याला वाटलेलं अक्षरच गिरवतो आणि पुढचा वाचणारा दगड न वाचता तुमचा खडू वाचतो. शिवाय झिजलेल्या दगडाच्या भोकांत तो बसून राहतो. तारेचा ब्रश आणि ॲसिड तर लांबच ठेवा. साधं पाणी आणि मऊ ब्रशनं शेवाळ काढा, दगड सुकू द्या. अंधार पडल्यावर मोबाइल एका जागी टेकवून पक्का ठेवा आणि टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून तिरपा धरा. उजेड डावी-उजवीकडून आला की उभ्या रेघांना सावली पडते, वरून आला की आडव्यांना. मात्रा तिरकी असते, म्हणून टॉर्च दोन्ही वरच्या कोपऱ्यांतून धरून बघा. प्रत्येक कोनातला वेगळा फोटो हवा.

खानापूर_रानवाट:

आमच्याकडे पण आहे हो दगड! शेताच्या बांधावर, खाली लढाई, वर अप्सरा, त्याच्यावर पिंडीची पूजा. मधल्या पट्ट्यांवर गोल गोल अक्षरं आहेत. मी संवत्सर शोधलं, काहीच लागेना. तुमची रीत वापरून कुठलं साल येईल?

जुनी_अक्षरं:

ताई, तो वीरगळ आहे. आणि गोल अक्षरं म्हणजे लिपी बहुतेक जुनी कन्नड, त्यात देवनागरी शोधून हाती काही लागणार नाही. खानापूर-हलशीच्या बाजूला कदंबांच्या आणि रट्टांच्या काळातले कन्नड लेख पुष्कळ आहेत. बेळगावच्या कमल बस्तीचेच लेख १२०४ चे. त्यांतही शक आणि संवत्सर असतात, पण आधी लिपी वाचणारा माणूस लागेल. तिरप्या उजेडातले फोटो घेऊन धारवाडच्या कन्नड संशोधन संस्थेत दाखवा. इथे वेगळा धागा काढलात तर आम्हीही बघू. तोवर दगडाला तेल-शेंदूर लावू देऊ नका.

निपाणीकर_पोरगा:

काल रात्री केलं. उजव्या वरच्या कोपऱ्यातून टॉर्च धरल्यावर कान्यावर दोन तिरप्या रेघा उठल्या. खालची बारीक आहे पण सावली सलग पडतेय. डावीकडून मात्र एकच दिसते. म च्या खाली किंवा पुढे काही जोडलेलं नाही. फोटो टाकलेत.

जुनी_अक्षरं:

बघितले. डावीकडून एकच दिसते कारण तो उजेड खालच्या रेघेच्या दिशेनंच जातोय, तिला सावलीच पडत नाही. उजवीकडच्या फोटोत दोन्हीच्या कडा धारदार आहेत. दगडाची भेग अशी दोन्ही काठांना सारखी नसते. भौम धरतो.

आता दोन्ही साली वैशाख शुद्ध तृतीया कुठल्या वारी होती, ते गणितानं काढलं. शके १६२७ मध्ये ती २६ एप्रिल १७०५ ला येते, रविवार. शके १६८७ मध्ये २३ एप्रिल १७६५ ला, मंगळवार. तिथी सूर्योदयाची धरलीय आणि दोन्ही वेळा सूर्योदय तिथीच्या काठावर नाही, म्हणून एका दिवसाच्या फरकाची भीती कमी. रविवारला रवि, भानु किंवा आदित्य लिहितील, त्यांत शेवटी म येत नाही. म्हणजे मात्रेबद्दल कुणाला शंका असली तरी १७०५ बसतच नाही.

चिकोडीचे_काका:

गणित मान्य. पण पाथरवटाला कागदावर लिहून दिलेलं असायचं, तो वार चुकीचाही कोरू शकतो की. आणि १६२७ ला शाहू महाराज अजून औरंगजेबाच्या छावणीत होते, तो धामधुमीचा काळ. विहीर तेव्हाच पाण्याच्या गरजेपोटी बांधली नसेल कशावरून?

जुनी_अक्षरं:

चूक होऊ शकते, तशी उदाहरणं आहेत. पण तिथी, वार, संवत्सर आणि शकाचा शेवटचा अंक असे चार धागे एकाच सालाशी जुळत असताना चूक मानायला दगडातच काहीतरी कारण दिसायला हवं. गरज काय, कुठल्याही दशकात होती. आणि हा लेख लावल्याचं साल आहे. विहीर त्याआधीची असून नंतर जीर्णोद्धार झाला असेल तर ते शेवटच्या दोन ओळींतच लिहिलेलं असणार.

फलकावर "शके १६[८]७ [पा]र्थिव, [भौ]म वासरे" असं लिहा. कंसातलं आपण भरलंय, दगडावर नाही, हे कळू द्या.

निपाणीकर_पोरगा:

तसंच लिहितो. तिसऱ्या ओळीतल्या नावाचं काय? गावातली तीन घराणी "आमचाच पूर्वज" म्हणतायत. पहिल्या नावात जी च्या आधी दोन अक्षरांची जागा आहे, दुसऱ्यात पण दोनच.

जुनी_अक्षरं:

दोन अक्षरांत राणोजी, मालोजी, संताजी, तानाजी सगळे बसतात. तिथं भरू नका, रेघच ठेवा. तिन्ही घरांत जुनी वतनाची कागदपत्रं असतील, मोडीतली. त्यांत शके १६८७ च्या आसपास पाटीलकी कुणाच्या नावावर होती ते मिळालं तर बापलेकाची जोडी जुळवून बघता येईल. कागद फोटो काढून टाका.

निपाणीकर_पोरगा:

एका घरात पेटी आहे, पण उघडायला थोरले काका पुण्याहून यायचेत. आले की टाकतो.