रेकॉर्डिंगची घोषणा बंद करता येते का? आणि करावी का?

ठोकपीठ: नवा फोन घेतलाय. कॉल रेकॉर्ड करायला गेलं की एक बाई दोन्हीकडे ऐकू जाईल असं जाहीर करते, ‘कॉल रेकॉर्ड होत आहे’. समोरचा लगेच गप्प. मी फुटकळ कामं घेतो. लोक फोनवर रक्कम कबूल करतात आणि नंतर हात वर करतात. जुन्या फोनात गुपचूप व्हायचं. माझा फोन, माझा कॉल, मग विचारायचं कशाला? घोषणा न करणारं ॲप सांगा.

जुनाखोड: २०२२ मध्ये कायद्याने सगळे रेकॉर्डर बंद केले. स्टोअरच्या बाहेरून ॲपची फाइल, म्हणजे एपीके, उतरवून टाका, चालतं.

बिनतारी: साल बरोबर, कारण चूक. तो कायदा नव्हता, गूगलचं प्ले स्टोअरचं धोरण होतं. कॉलमधला दोन्ही बाजूंचा आवाज थेट उचलायची मुभा अँड्रॉइड फक्त फोनबरोबर आलेल्या सिस्टीम ॲपना देतं. बाकीच्यांनी मग अपंगांच्या सोयीसाठी असलेल्या ॲक्सेसिबिलिटी सेवेच्या आडून माईक मिळवायला सुरुवात केली. ही पळवाट गूगलने ११ मे २०२२ पासून स्टोअरवरच्या ॲपना बंद केली.

एपीके टाकून बघा, पण स्पीकर बंद ठेवून अर्धा मिनिट बोला आणि मग फाइल ऐका. बहुधा तुमचा आवाज खणखणीत आणि समोरच्याच्या जागी शांतता मिळेल. स्पीकर चालू केला तर त्यातून बाहेर पडणारा आवाज माईक पकडतो, एवढंच. शिवाय ॲक्सेसिबिलिटीची परवानगी दिलेलं ॲप स्क्रीनवरचा मजकूरही वाचू शकतं. रक्कम वसूल करायला जाल आणि बँकेचं ॲप उघडं कराल.

हरकत_आहे: पण मूळ प्रश्नाचं काय? ‘माझा कॉल’ म्हणजे काय? निम्मा तरी समोरच्याचा आहे ना. माझ्या जावेने माझा एक कॉल असाच टेपला आणि मधली वीस सेकंदं कापून घरच्या ग्रुपवर टाकली. आधी ती काय म्हणाली ते कुणीच ऐकलं नाही. घोषणा झाली असती तर मी तोंड आवरलं असतं. तो माझा हक्क आहे.

ठोकपीठ: ताई, तुमचं घरगुती भांडण. माझे पैसे बुडतात.

बिनतारी: नियम देशागणिक वेगळे आहेत. काही ठिकाणी बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती पुरते, म्हणजे रेकॉर्ड करणाऱ्याची स्वतःचीच. कॅलिफोर्नियात खाजगी बोलण्याला सगळ्यांची लागते. जर्मनीत खाजगी बोलणं चोरून टेपणं हा फौजदारी गुन्हा आहे. फोन बनवणाऱ्याला हे सगळं सांभाळायचं असतं, म्हणून घोषणा.

जुनाखोड: घोषणेचं नाटक आहे सगळं. दुसरा फोन शेजारी ठेवून स्पीकरवर बोला, कुठली बाई बोलतेय? आणि घोषणा ऐकूनही माणूस बोलत राहिला तर ती संमतीच.

हरकत_आहे: नोकरी देणाऱ्याचा फोन असेल तर कापणार कोण? आणि मध्येच फोन दुसऱ्याच्या हातात दिला, तर त्याने घोषणा ऐकलेलीच नसते.

बिनतारी: जुनाखोडांचा पहिला मुद्दा खरा आहे, घोषणा कुणाला थांबवत नाही. दुसरा मला पटत नाही, पण त्याचं एकच उत्तर सगळीकडे चालेल असंही नाही.

मधुरा_स: मध्येच विचारते. जुना फोन रिसेट केला, आईचे कॉल त्यात होते. गूगल खात्यातून परत मिळतील का?

बिनतारी: कोणत्या ॲपने रेकॉर्ड झाले होते? गूगलचं फोन ॲप रेकॉर्डिंग फोनमध्येच ठेवतं, खात्यावर चढवत नाही. ते असेल तर रिसेटबरोबर गेले, वाईट वाटतं सांगायला. सॅमसंगमध्ये ते `Recordings/Call` या फोल्डरमध्ये साध्या `.m4a` फाइल म्हणून पडतात. तो फोल्डर एखाद्या क्लाउड ॲपने आपोआप वर नेला असेल, तर तिथे शोधा. आयफोनमध्ये iOS 18.1 पासून रेकॉर्डिंग नोट्स ॲपमध्ये जातं आणि नोट्स आयक्लाउडवर असतील तर तिथेही.

ठोकपीठ, तुमच्या जुन्या फोनची गंमत इथेच आहे. अशा उघड्या फोल्डरमधल्या फाइल ऑडिओची परवानगी घेतलेल्या कुठल्याही ॲपला दिसतात. गाणी लावावीत आणि मधूनच गिऱ्हाईकाचा आवाज यावा, हे त्यामुळेच होतं. फाइलच्या नावात बहुधा समोरच्याचं नाव किंवा नंबर, तारीख आणि वेळही असते, म्हणजे न ऐकताही बरंच कळतं. सगळे कॉल आपोआप टेपायचं सेटिंग चालू असेल, तर डॉक्टरांचे आणि घरचेही त्यात आलेच.

मधुरा_स: क्लाउडमध्ये तीन सापडले. बाकी नाहीत.

हरकत_आहे: छान झालं. पण तुमच्या आईंना माहीत होतं का?

मधुरा_स: नव्हतं. तिला विचारलं असतं तर ती तशी बोललीच नसती.

बिनतारी: ठोकपीठ, फोन ठेवल्यावर लगेच लिहून पाठवा: ‘आत्ता ठरल्याप्रमाणे अमुक काम, अमुक रक्कम, अमुक तारखेला.’ समोरच्याने ‘हो’ लिहिलं की ते लेखी झालं, घोषणेशिवाय.

ठोकपीठ: आणि ‘हो’ लिहिलंच नाही तर?

जुनाखोड: मग काम सुरू करू नका.

ठोकपीठ: तुम्हाला सोपं आहे म्हणायला. मी दुसरा फोन शेजारी ठेवतो.