मदत हवी आहे: लहान क्लबची क्रमवारी कशी लावावी, रेटिंगने की शिडीने?

पटावरचा: आमचा बुद्धिबळाचा छोटा क्लब आहे, सोळा सभासद. सध्या जिंकण्याच्या टक्केवारीवर क्रम लावतो, आणि त्यावरून कुरबूर सुरू झाली आहे. पहिल्या क्रमांकावरच्या सभासदाला (त्यांना क्ष म्हणू) २० पैकी १८ विजय आहेत, पण सगळे डाव पाच नवख्यांशी. दुसरे, य, तगड्या चौघांतच खेळतात. त्यांचे २० पैकी १२. क्लबात कुणालाही विचारा, य सरस आहेत असंच सांगेल. रेटिंग सुरू करावं, की वरच्याला हरवलं की त्याची जागा मिळते अशी साधी शिडी ठेवावी? वहीत हिशेब मीच ठेवतो, तेव्हा झेपेल असं सुचवा.

उंटाची_चाल: सरळ एलो रेटिंग लावा. प्रतिस्पर्धी रेटिंगमध्ये ४०० गुणांनी खाली असेल तर १०० डावांत ९१ गुण अपेक्षितच धरतात, त्यामुळे नवख्यांवर हात साफ करून फारसं काही मिळत नाही. एलोत क्ष आपोआप खाली येतील.

फिरकी_सर्व्हिस: आमच्याकडे टेबल टेनिसला शिडी आहे, मस्त चालते. पण तुम्ही स्विस पद्धतीने स्पर्धाच का घेत नाही? एका दिवसात निकाल लागतो.

पटावरचा: स्पर्धा नको आहे, वर्षभर चालणारा क्रम हवा आहे. शिडीचे नियम मात्र जरूर सांगा.

जुना_वजीर: उंटाची_चाल, तुमचं अर्धं बरोबर आहे. नवख्यांशी जिंकून गुण मिळणं थांबतं, पण कधी? फरक पुरेसा वाढल्यावर. इथेच खरी गोम आहे.

सगळ्यांना १२०० पासून सुरू करा. क्ष ९० टक्के जिंकतात, म्हणून त्यांचं रेटिंग नवख्यांच्या सुमारे ३८० वर जाईपर्यंत चढत राहील. एकाने कमावलेले गुण दुसऱ्याने गमावलेले असतात, म्हणजे या सहा जणांची सरासरी १२०० च राहते. क्ष साधारण १५१५ वर आणि नवखे ११३५ च्या आसपास स्थिरावतील.

आता य. साठ टक्के विजय म्हणजे बाकी तिघांच्या फक्त ७० वर. त्या चौघांचीही सरासरी १२०० च, म्हणून य १२५० च्या आसपास. एलो लावूनही क्ष २६० गुणांनी पुढे! सूत्रात काही चूक नाही. दोन गट एकमेकांशी खेळलेच नाहीत, तर त्यांच्यातला फरक कुठलंही सूत्र सांगू शकत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. कोण कुणाशी खेळलं त्या नावांना रेघांनी जोडा. कागदावर दोन वेगळी बेटं दिसली, किंवा त्यांच्यात एकदोनच रेघा दिसल्या, तर त्या रेटिंगवर विसंबू नका.

उंटाची_चाल: हे लक्षात आलं नव्हतं. मग महिन्यातून दोन डाव चिठ्ठ्या टाकून सक्तीचे केले तर?

जुना_वजीर: चालेल. माझा कल मात्र शिडीकडे आहे, कारण तिच्या नियमातच सक्ती येते. तीन पायऱ्या वरपर्यंत आव्हान देता येतं आणि दोन आठवड्यांत खेळावंच लागतं, नाहीतर पायरी जाते. य तिसऱ्या पायरीवर असतील तर क्ष त्यांना टाळू शकत नाहीत.

फिरकी_सर्व्हिस: आमचा नियम हाच. जिंकणारा हरलेल्याच्या जागी, मधले सगळे एकेक खाली. त्यावरून रुसवे होतात हेही सांगतो: मधला माणूस न खेळताच घसरतो. आणि एखादा एका डावात नशिबाने तीन पायऱ्या चढतो.

जुना_वजीर: खरं आहे, शिडी शेवटचा निकालच लक्षात ठेवते. एलोत २०० गुण वरच्याला हरवलं तर K=32, म्हणजे एका डावात जास्तीत जास्त ३२ गुणांचा बदल, धरून सुमारे २४ गुण मिळतात, पुढचे डाव हरलात की ते परत जातात. म्हणून क्रम शिडीचा ठेवा आणि रेटिंग वहीत शेजारी लिहीत जा. वर्षभर आव्हानं झाली की दोन्ही गट जोडले जातील, तेव्हा त्या आकड्यांना अर्थ येईल.

पटावरचा: हे पटतंय. सुरुवातीचा क्रम सध्याच्याच यादीचा ठेवतो, म्हणजे क्ष दुखावणार नाहीत. पण डाव बरोबरीत सुटला तर?

जुना_वजीर: वरचा वरच राहतो.

उंटाची_चाल: मग वरचा बरोबरीसाठीच खेळेल. निदान पांढरी मोहरी आव्हान देणाऱ्याला द्या.

फिरकी_सर्व्हिस: आमच्या खेळात बरोबरी नसतेच, त्यामुळे इथे माझा उपयोग नाही.

जुना_वजीर: पांढरी दिली तर आव्हान देणाऱ्याला प्रत्येक वेळी फायदा मिळतो, तेही मला खटकतं. दोन डाव ठेवा, एकेक रंगाने. तेही १-१ सुटले तर काय, यावर मात्र मलाही समाधानकारक नियम सापडलेला नाही.