मदत हवी आहे: पाक बरोबर 118 अंशांवर उतरवला तरी वडीचा भुगा होतो

कोरडी_वडी:
नमस्कार. वडीसाठी 500 ग्रॅम साखर आणि 250 मिली पाणी घेते. कढई जाड बुडाची आहे आणि थर्मामीटर टोकदार सळईचा, डिजिटल. कृतीत पाक 118 अंश सेल्सिअसला उतरवायला सांगितलंय. त्याप्रमाणे उतरवून त्यात सुकी भरड मिसळते, घोटते आणि थापते. वडी पडते, पण कापताना कडा भुरभुरतात आणि दुसऱ्या दिवशी हातात भुगा येतो.

आणखी एक कोडं आहे. उकळी आल्यावर आकडा 105 च्या आसपास नुसता रेंगाळतो, मग गॅस मोठा करते. पुढे 112 नंतर तो असा पळतो की लक्ष जरा हललं तरी हुकतो. मोठ्या गॅसमुळे पाक जास्त तापतो का? राहते ती जागा समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटर उंच आहे, त्याचा काही संबंध?

तार_बघा:
थर्मामीटर बाजूला ठेवा. आच मोठी केलीत म्हणून पाक जास्त तापला, एवढंच. मंद आचेवर ठेवलात तर तो 118 च्या पुढे जाणारच नाही. थेंब बोटावर घेऊन तार बघा, ती कधी फसवत नाही.

मंद_आच:
शेवटी आच मंद ठेवा हा सल्ला चांगला आहे, पण कारण ते नाही. उकळत्या पाकाचं तापमान आचेवर ठरत नाही, त्यात पाणी किती उरलंय यावर ठरतं. मंद आचेवरही पाणी उडत राहतं, त्यामुळे वेळ दिलात तर पाक 118 काय, 150 लाही पोचेल. आचेमुळे बदलतो तो फक्त वेग.

कोरडी_वडी, तुमच्याच मापांवर हिशेब करू, म्हणजे आकडा का रेंगाळतो ते दिसेल. 500 ग्रॅम साखर शेवटपर्यंत 500 ग्रॅमच राहते, कमी होतं ते पाणी. सुरुवातीला पाणी 250 ग्रॅम, म्हणजे साखर दोन तृतीयांश, आणि असा पाक 105 च्या जरा खाली उकळतो. 112 अंशांना साखर 80 टक्के असते, म्हणजे पाणी उरलं 125 ग्रॅम. 118 च्या आसपास साखर साधारण 87 टक्के, पाणी 75 ग्रॅम. 140 ला 95 टक्के, पाणी जेमतेम 26 ग्रॅम. 151 ला 97 टक्के, पाणी 15 ग्रॅम.

आता समजा तुमच्या आचेवर मिनिटाला 20 ग्रॅम पाणी उडतं. 105 वरून 112 ला जायला सहा मिनिटं लागतील, कारण 125 ग्रॅम पाणी घालवायचं आहे. 112 ते 118 ला अडीच मिनिटं. आणि 118 ते 140 हे बावीस अंश? तेही अडीच मिनिटांतच, कारण तिथे फक्त 49 ग्रॅम उडायचं असतं. 140 ते 151 ला तर अर्धं मिनिट. आच तीच, पण पाणी जितकं कमी उरतं तितका उडणारा प्रत्येक ग्रॅम आकडा जास्त चढवतो. म्हणून 105 ला रेंगाळत असताना गॅस मोठा करायला हरकत नाही, पण 110 दिसलं की मंद करायलाच हवा. तुम्ही तो तसाच मोठा ठेवत असाल असं वाटतं.

रेणू_मोजणारा:
यामागचं कारण थोडक्यात. पाण्यात साखरेचे रेणू मिसळले की पाण्याच्या रेणूंना वाफ होऊन निसटणं अवघड जातं, आणि उकळायला जास्त तापावं लागतं. पाठ्यपुस्तकातलं सूत्र पातळ द्रावणाला लागू पडतं. त्याने 80 टक्के साखरेचा उत्कलनबिंदू काढलात तर जेमतेम 106 येतो, प्रत्यक्षात तो 112 आहे. घट्ट पाकात साखरेचा प्रत्येक रेणू काही पाणी स्वतःला बांधून ठेवतो, त्यामुळे मोकळं पाणी हिशेबापेक्षा कमी असतं. तेव्हा पाकासाठी सूत्र नको, मोजलेले आकडेच वापरा.

उंचीचा संबंध आहे. दर 300 मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंश उतरतो. 600 मीटरवर पाणी 98 ला उकळतं आणि पाकाच्या सगळ्या पायऱ्याही जवळपास तितक्याच खाली येतात. कृतीतले 118 म्हणजे खरं तर 'उकळत्या पाण्यापेक्षा 18 अंश वर'. आधी तोच थर्मामीटर खळखळत्या साध्या पाण्यात धरा आणि आकडा इथे लिहा. उंचीचा फरक आणि थर्मामीटरची चूक दोन्ही त्यात एकदम येतात.

स्फटिक_त्रस्त:
माझ्याकडेही हेच होतं! पाक गार होताना परत साखर होऊन बसतो, खडेच खडे. लिंबू पिळा असं सांगतात, पण एका वेळी अख्खं लिंबू पिळलं तर पाक चिकटच राहिला, गोळ्या कडक झाल्याच नाहीत.

मंद_आच:
स्फटिक_त्रस्त, तुमची अडचण वेगळी आहे. धागाकर्तीच्या वडीत साखर परत फिरायलाच हवी, त्यासाठीच ती घोटते. तुम्हाला काचेसारखी गोळी हवी, तिथे ती फिरता कामा नये. कढईच्या काठावर उडालेले थेंब सुकून त्यांचे कण होतात. त्यातला एक जरी पाकात पडला तरी त्याच्याभोवती बाकीची साखर जमू लागते. म्हणून उकळी आल्यावर दोन-तीन मिनिटं झाकण ठेवा, वाफ काठ धुऊन काढते. त्यानंतर ढवळायचं नाही.

आंबटपणाने साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटतो आणि हे दोघं स्फटिक बांधू देत नाहीत. पण अख्ख्या लिंबाने फार जास्त साखर फुटते. फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढून घेतं, मग गोळी चिकटच राहणार. 500 ग्रॅम साखरेला पाव चमचा रस घालून बघा, किंवा लिंबाऐवजी 100 ग्रॅम ग्लुकोज सिरप घाला. सिरपचं प्रमाण तरी नक्की असतं, लिंबाचा आंबटपणा दर वेळी वेगळा.

कोरडी_वडी:
पाण्यात धरला. 97 दाखवतो. तीनदा बघितलं.

रेणू_मोजणारा:
मग उत्तर मिळालं. दोन अंश उंचीचे, एक थर्मामीटरचा. तुम्हाला 97 अधिक 18, म्हणजे 115 ला उतरवायचा होता. 118 ला उतरवलेला तुमचा पाक खरं तर 121 चा होता. साखर 89 टक्क्यांच्या आसपास, पाणी 62 ग्रॅम. हव्या होत्या त्या 75 पेक्षा 13 ग्रॅम कमी.

13 ग्रॅम म्हणजे मोठा चमचाभरही पाणी नाही, पण वडीत त्याचा परिणाम तिप्पट होतो. वडी म्हणजे साखरेचे बारीक कण आणि त्यांना धरून ठेवणारा थोडा पातळ पाक. साध्या तापमानाला एक ग्रॅम पाण्यात साधारण दोन ग्रॅम साखर विरघळलेली राहते. 75 ग्रॅम पाणी असेल तर कणांमध्ये 225 ग्रॅम पाक उरतो. 62 ग्रॅम असेल तर 186. कणांना चिकटवणारा जवळजवळ 40 ग्रॅम पाक तुम्ही उडवून टाकलात, म्हणून भुगा.

तार_बघा:
तारेला हे उंचीचं लचांड नाही, एवढं तरी मान्य करा.

मंद_आच:
मान्य. तार काय किंवा गार पाण्यातली गोळी काय, दोन्ही पाकातलं पाणीच तपासतात, त्यामुळे उंचीने फरक पडत नाही. वडीच्या टप्प्याला मात्र मी तारेपेक्षा गोळीवर भरवसा ठेवेन. थेंब बोटावर किती गार झाला यावर तार बदलते, आणि बोट ओलं असेल तर पाक पातळ होतो. एकतारी पाक कोणी 105 ला सांगतं, कोणी 110 ला, ते यामुळेच. गार पाण्यात थेंब दर वेळी जवळपास एकाच तापमानाला येतो. फक्त वाटीतलं पाणी प्रत्येक वेळी बदला. 112 ते 116 ला गोळी होते पण बोटांत चपटी पडते, 118 ते 120 ला आकार धरते पण दाबली तर दबते. आणि गोळी बघत असताना कढई आचेवरून खाली हवी, नाहीतर तुम्ही निकाल वाचेपर्यंत पाक पुढे गेलेला असतो.

तराजू:
थर्मामीटर नको आणि गोळीही नको असेल तर सरळ वजन करा. रिकामी कढई तोला, समजा 820 ग्रॅम भरली. 500 ग्रॅम साखर आणि हवं असलेलं 75 ग्रॅम पाणी धरून एकूण 1395 ग्रॅम झालं की पाक तयार. काट्यावर लाकडी पाट ठेवून तो शून्य करा, त्यावर कढई ठेवा. सुरुवातीला पाणी कमी-जास्त पडलं तरी बिघडत नाही, जास्तीचं उडेपर्यंत थांबायचं इतकंच. चमच्याला लागलेला पाक मात्र परत कढईत जायला हवा.

रेणू_मोजणारा:
ही रीत चांगली आहे, विशेषतः पाक थोडा असताना. रुंद कढईत 500 ग्रॅमचा पाक उथळ पसरतो, सळईचं टोक धड बुडत नाही किंवा बुडाला टेकतं, आणि आकडा चुकतो. कढई तिरपी करून टोक मध्यावर धरावं. लांबून मोजणारी बंदूक इथे कामाची नाही, ती वरच्या फेसाचं तापमान सांगते.

स्फटिक_त्रस्त:
आणि पाक पुढे गेलाच तर फेकून द्यायचा का?

मंद_आच:
रंग बदलला नसेल तर फेकू नका. 500 ग्रॅम साखरेचा पाक 151 ला गेला तर पाणी 15 ग्रॅम उरलंय. गॅस बंद करा, थोडं निवू द्या आणि गरम पाणी काठावरून चमच्या-चमच्याने सोडा, एकूण 100 मिली. तोंड लांब ठेवा, वाफ जोरात येते आणि शिंतोडे पाण्याच्या चटक्यापेक्षा वाईट, कारण ते कातडीला चिकटतात. सगळं विरघळलं की पुन्हा उकळत आणा. तांबूस झाला असेल तर साखरच बदलली, तो परत पांढरा होत नाही.

कोरडी_वडी:
आज 115 ला उतरवला, आणि तोललाही. कढई वजा जाता 579 ग्रॅम भरला. वडी मधून सुरेख कापली गेली, पण कडेच्या वड्या अजून थोड्या भुरभुरतात.

तराजू:
579 म्हणजे पाणी 79 ग्रॅम, पाक बरोबर आहे. कडेला थर पातळ पडला असेल किंवा घोटताना तिथला भाग आधी गार झाला असेल. भरड किती कोरडी होती? कोरडी भरड पाकातलं पाणी पिते, आणि ते या हिशेबात धरलेलं नाही.

कोरडी_वडी:
भरड भाजून घेतलेली, अगदी कोरडी. पुढच्या वेळी पाक 114 ला उतरवून बघते. आणखी एक विचारायचं राहिलं: पाण्याऐवजी दूध घातलं तर हेच आकडे धरायचे का?

रेणू_मोजणारा:
नाही. दुधात स्वतःची साखर, प्रथिनं आणि स्निग्धांश असतो. तोललंत तरी उरलेल्या वजनात पाणी किती आणि बाकीचं किती ते वेगळं काढावं लागेल. शिवाय ते बुडाला लागतं, म्हणून सतत ढवळावं लागतं. तिथे गार पाण्यातली गोळीच बघा. तापमान कोणी नेमकं मोजलं असेल तर मलाही वाचायला आवडेल.