मदत हवी आहे: ब्लूटूथ सेन्सर शोधायला लोकेशन का लागतं?

तासगावात आमच्या बेदाण्याच्या शेडमध्ये तापमान आणि आर्द्रता दाखवणारा छोटा ब्लूटूथ सेन्सर लावलाय. तो दोन फोनवर वेगवेगळा वागतो.

अँड्रॉइड ११ च्या फोनवर अॅपला लोकेशनची परवानगी दिली, तरी वरच्या पट्टीतलं लोकेशनचं बटण बंद असेल तर यादी रिकामीच राहते. कसली एरर येत नाही, नुसतं गोल फिरत राहतं. बटण चालू केलं की लगेच सेन्सर दिसतो. ११ पर्यंत हे असंच चालतं हे वाचलं, कारण आसपासच्या ब्लूटूथ सिग्नलवरून माणूस कुठे आहे हे कळू शकतं. ते पटलं.

अडलंय ते अँड्रॉइड १३ वर. तिथे 'जवळची डिव्हाइस' ही वेगळी परवानगी आहे, ती दिली. तरी लोकेशन नाकारलं की सेन्सर सापडत नाही. त्याच फोनवर दुसऱ्या एका स्कॅनर अॅपला फक्त 'जवळची डिव्हाइस' दिली, तर सेन्सर दिसतो. म्हणजे फोन आणि सेन्सर ठीक आहेत. कॅशे साफ केला, अॅप परत टाकलं, फरक नाही.

मला वाटतं, अॅप बनवणाऱ्याने मॅनिफेस्टमध्ये `BLUETOOTH_SCAN` ला `neverForLocation` लावलेलं नसावं. फोन कामगारांचे स्वतःचे आहेत, त्यांच्याकडून कायमचं लोकेशन मागणं मला योग्य वाटत नाही. अॅप बदलणं शक्य नाही, सेन्सर त्याच्याशीच बोलतो.

माझ्याकडे एपीके फाइल आहे. त्यात तो फ्लॅग आहे का, हे कसं तपासायचं? आणि एकदा जोडणी झाल्यावर लोकेशन काढून घेतलं, तर रोजचं रीडिंग चालू राहील का?